प्रिंटरला घालूनपाडून बोलण्याचे दिवस

"अरे ए गुळाच्या गणपती! हलशील का जरा?"

हे आज सकाळी मी आमच्या प्रिंटरला म्हणाले. भाद्रपद लागला की नाशिकच्या हवेत एक चिकट ओल भरून राहते. पाऊस पडतोच असं नाही, पण दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, डब्यातले पापड मऊ पडतात आणि कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यातली पानं एकमेकांना बिलगून बसतात. प्रिंटर बिचारा एक पान ओढायला जातो आणि तीन पानं एकदम आत घुसतात, रबरी रोलरखाली चुरगळतात, केशरी दिवा लुकलुकायला लागतो. मग मागचं झाकण उघडायचं, कागद दोन्ही हातांनी धरायचा आणि ज्या दिशेनं तो चालला होता त्याच दिशेनं सावकाश बाहेर काढायचा. उलटा ओढला की फाटतो. फाटला की नखाएवढा तुकडा आत कुठेतरी राहतो आणि पुढची सगळी पानं तिथेच येऊन अडतात.

सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे. समोर शेवटची तारीख घेऊन आलेलं माणूस, कोपऱ्यात इंटरनेटचा राउटर आणि मांडीला मांडी लावून बसलेला हा प्रिंटर. या तिघांत माणूस कधीच त्रास देत नाही, असं मी शपथेवर सांगेन. त्रास ही दोन खोकी देतात, आणि तेही नेमकं संकेतस्थळ बंद व्हायला दहा मिनिटं उरलेली असताना. एरवी गुणी बाळासारखी वागतात.

दरवर्षी हवा अशी चिकट झाली की मला तो तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवतो. त्या वर्षी तो लागला तेव्हा दोन महिने या घरात कुणी कुणाला, अगदी प्रिंटरलाही, एक शिवी दिली नव्हती. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट दिवस.

यंत्रांना शिव्या द्यायची विद्या माझी नाही, ती आमच्या ह्यांची. हे मूळचे गिरणाऱ्याचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. मी लग्न होऊन गेले तेव्हा मळ्यात पाण्याची मोटर होती, आणि सासरे रोज पहाटे तिला चालू करताना असं काही बोलायचे की ऐकणाऱ्याला हसू आवरायचं नाही. "नासक्या दुधा", "बिनमिठाच्या आमटी", "चार दिवसांच्या वरणा". आईबहीण त्यात कधी यायची नाही. बैलावर आवाज चढवायचा नाही, माणसावर तर नाहीच, पण मोटर, इंजिन, तुटका दोर यांना हवं ते बोलून घ्यायचं. माणूस लक्षात ठेवतं आणि बैलही लक्षात ठेवतो, असं ते म्हणायचे. ह्यांनी हीच पद्धत अंबडच्या कारखान्यात नेली. लेथवर काम करताना हत्यार तुटलं की ते मशीनला म्हणायचे, "अकलेच्या कांद्या, तुला सोलू का?" त्यांचे सोबती सांगायचे की साहेबसुद्धा पाठ फिरवून हसायचे.

पहिल्या पाळीला जायचं असलं की मोबाइलमधला गजर पाचला वाजायचा. हे डोळे न उघडता त्याच्याशी भांडायला लागायचे. "ए शंखोबा! तुझ्या वरातीत बँडवाला येणार नाही बघ. तुझ्या भाकरीला पापुद्रा येणार नाही." रोज नवीन. मी एकदा विचारलं, "अहो, रोज कशाला नवी शोधता? कालचीच द्या ना." तर म्हणाले, "कालची दिली की परत झोप लागते. नवी शोधायला डोकं चालवावं लागतं, तेवढ्यात जाग येते."

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पण त्यात सगळं होतं. राग आला की डोकं एकाच जागी गरगर फिरत राहतं. त्याला सांगितलं की या प्रिंटरसाठी स्वयंपाकघरातली एक अशी वस्तू शोध जी त्याच्याइतकीच मद्दड आहे, तर ते शोधायला निघतं, आणि शोधता शोधता राग हातातून सुटतो. ठरलेली घाणेरडी शिवी दिली तर असं होत नाही, उलट आणखी भडका उडतो. प्रिंटरवर थापट मारली तरी तेच, हात दुखतो आणि राग तसाच राहतो. शिवी गमतीची असावी लागते आणि ताजी असावी लागते. ती मोठ्यानं ओरडावीही लागते, कारण ओरडताना छातीत कोंडलेला श्वास एकदम बाहेर पडतो आणि कानापर्यंत चढलेले खांदे खाली येतात. मग तेच हात, जे कागद हिसकणार होते, तो अलगद काढतात. यंत्र काही सुधारत नाही. ते ऐकत नाही, हेच तर बरं असतं. नंतर त्याची माफी मागावी लागत नाही.

त्या वर्षी ज्येष्ठात एका सकाळी दात घासता घासता ह्यांच्या हातातून ब्रश पडला. उजवा हात लोंबायला लागला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोहोचलं नाही, तिथेच बोलण्याची जागा असते. हाताला हळूहळू बळ येईल. बोलण्याचं सांगता येत नाही. "त्यांना सगळं समजतं," डॉक्टर म्हणाले, "शब्दही आत असतो. तो बाहेर आणायची वाट बंद झालीय."

घरी आले तेव्हा ह्यांच्याजवळ एकच आवाज होता, "त… त… त…" पाणी हवं असलं तरी तेच, उशी सरकवायची असली तरी तेच. प्राची, आमची मुलगी, तेव्हा बारावीत होती. ती पंधरा वस्तूंची नावं घ्यायची आणि ते सोळाव्याला मान हलवायचे. मला मात्र वस्तूंचं काही नव्हतं. मला एकच हवं होतं. ह्यांनी एकदा मला नावानं हाक मारावी. शैला. दोन अक्षरं. तेवीस वर्षं ती ऐकून मला त्यांची किंमत नव्हती, आणि आता मी भाजी चिरताना हात थांबवून आतल्या खोलीकडे कान लावून बसायचे.

मग मी एक चूक केली. मला वाटलं, आजारी माणसाला शांतता हवी. मी पाचचा गजर बंद करून टाकला. प्राचीला बजावलं, "घरात आरडाओरडा नको. पप्पांना त्रास होईल. आणि ते प्रिंटरला काहीबाही बोलणं तर अजिबात नको, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासमोर बरं दिसतं का ते?" आम्ही दोघी चवड्यांवर चालायला लागलो. कागद अडकला की मी ओठ आवळून तो काढायचे. फॉर्म पाठवताना पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहायचं, फिरत राहायचं, आणि 'सत्र संपले, पुन्हा लॉगिन करा' अशी पाटी यायची. सगळी माहिती पुसलेली. मी हात जोडून बसायचे.

पण यंत्रावर न काढलेला राग कुठेतरी जातोच. तो प्राचीवर गेला. चहा सांडला म्हणून मी तिला असं बोलले की ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पूर्वी कागद अडकला की आम्ही तिघं एका बाजूला असायचो आणि प्रिंटर दुसऱ्या बाजूला. एकानं शिवी द्यायची, दुसऱ्यानं त्यावर कडी करायची, तिसऱ्यानं हसायचं. आता तो शत्रूच घरातून काढून घेतला होता, तर आम्ही एकमेकींना धरलं. आणि एका दुपारी, हे पुन्हा पुन्हा "त… त…" करत असताना, मी ओरडले, "बोला ना एकदाचं! काय हवंय काय तुम्हाला?"  त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. त्यांना फक्त पंखा बंद करून हवा होता.

हे लिहितानाही मला ती खोली नको होते.

वाचाउपचाराच्या मॅडम पुण्याच्या होत्या. आठवड्यातून दोनदा मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून शिकवायच्या. त्यासाठी मोबाइल उशीला टेकवून ठेवायचा आणि ह्यांना मॅडमचे ओठ दिसतील असं बसवायचं. "काका, माझ्याकडे बघा. पाणी. म्हणा, पा…" आणि तिथेच इंटरनेट अडकायचं. मॅडमचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजायचा. ह्यांना कळायचं नाही की अडकलंय ते इंटरनेट. त्यांना वाटायचं, आपल्यालाच पुढचं ऐकू येत नाहीये, आपणच आणखी बिघडलो. ते घाबरून माझ्याकडे बघायचे. मी राउटर बंद करून दहा आकडे मोजायचे, परत लावायचे, लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघायचे, आणि काही बोलायचे नाही. मॅडम परत दिसेपर्यंत वेळ संपलेली असायची. असं बारा-तेरा वेळा झालं असेल. 'पाणी' पूर्ण आलंच नाही. मी रात्रीचा स्वयंपाक करता करता ठरवून टाकलं की आता हे असंच राहणार.

गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात हरसूलकडचे एक म्हातारे बाबा आले. सोमाबाबा त्यांचं नाव. नातीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि मूळ प्रमाणपत्राच्या दोन प्रती त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत महाविद्यालयात द्यायच्या होत्या. पहाटेच्या जीपनं निघालेले, त्यात रस्त्यात गाडी बंद पडलेली. साडेतीन वाजले होते. मी प्रिंट दिली आणि प्रिंटरनं तीन पानं एकदम ओढली. कर्र करून थांबला. केशरी दिवा.

मी झाकण उघडलं. कागद फाटला. तुकडा आत राहिला. मी ओठ आवळून चिमट्यानं शोधत बसले.  दुसरी प्रिंट दिली, तीही तिथेच अडली. बाबा उठून प्रिंटरपाशी आले, कमरेवर हात ठेवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम कडाडले.

"अरे ए ऐतखाऊ! जागचा हालत नाय व्हय? पोरगी वाट पाहून ऱ्हायली तिकडं! लय माजलाय काय रे, ठोंब्या!"

मी दचकले. आतल्या खोलीत हे झोपले असतील, म्हणून मी बाबांना हातानं खूण करायला गेले, "बाबा, हळू, घरात आजारी माणूस…" तेवढ्यात आतून आवाज आला.

"भोपळ्या!"

स्पष्ट. खणखणीत. 'भ'ला 'भ' आणि 'ळ'ला 'ळ'. माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. बाबांना काहीच ठाऊक नव्हतं, ते आपले खूश होऊन आत बघत म्हणाले, "हां! बराबर बोलले दादा! भोपळ्याच हाय ह्यो!"

आणि आतून पुन्हा, "अकलेच्या कांद्या! मद्दड!"

मी धावत गेले. हे अर्धे उठून बसले होते, चेहरा लाल. मी त्यांचा खांदा धरून म्हटलं, "अहो, बोललात तुम्ही! परत म्हणा. भोपळ्या म्हणा." त्यांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले. "त… त…" दुसरं काही नाही. घाम फुटला त्यांना. मी म्हणा म्हणा करत राहिले आणि ते गेलं ते गेलंच. बाहेर येऊन मी ओल्या फडक्यानं रोलर पुसला, कागदाचा तुकडा त्याबरोबर निघाला, प्रती निघाल्या, बाबा पावणेचारला रिक्षानं गेले. त्यांच्या नातीला प्रवेश मिळाला. मी मात्र तिथेच स्टुलावर बसून रडले. ते आनंदाचं होतं की कशाचं, मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, चकितही झाल्या नाहीत. "ताई, तुम्ही घरात शिव्या बंद केल्या होत्या का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी समजावलं. आपण ठरवून, विचार करून जे बोलतो, त्याची वाट तुटलेली आहे. पण जे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं, अंकांची ओळ, आरती, शिवी, ते ठरवून येत नाही, आपोआप सुटतं, आणि त्याची वाट निराळी असते. मेंदूचा दुसरा भाग ते सांभाळतो. म्हणून काका एकापासून दहापर्यंत म्हणू शकतील, पण समोरचे चार कप बघून 'चार' म्हणू शकणार नाहीत. शिवी रागाच्या धक्क्यानं बाहेर येते. 'म्हणा' म्हटलं की ती ठरवून बोलायची गोष्ट होते आणि वाट पुन्हा बंद. "फार आशा धरू नका," त्या म्हणाल्या, "पण हे दार उघडं आहे. तिथूनच आत जायचा प्रयत्न करू."

मग आमच्या घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. पाचचा गजर मी परत लावला. पहिल्या दिवशी तो वाजला, हे त्याच्याकडे बघत राहिले, मी श्वास धरून पडून राहिले. चौथ्या दिवशी "शंखोबा, गप!" असं ऐकू आलं आणि पलीकडच्या खोलीत प्राची मोठ्यानं हसली. दोन महिन्यांनी ती हसली होती. राउटरचा दिवा लाल झाला की आम्ही दोघी मुद्दाम थांबायचो आणि वाट बघायचो. "गोगलगायीच्या जावया!" असं ते एकदा म्हणाले, आणि ती नवी होती, आमच्यातल्या कुणी कधी ऐकलेली नव्हती. मॅडमना ती सांगितल्यावर मात्र त्या पहिल्यांदा सरसावून बसल्या. नवी शिवी म्हणजे दोन शब्द जोडावे लागले असणार, त्या म्हणाल्या.

मॅडमनी शिकवलं तसं मी वाक्य अर्धं सोडायचे. "अकलेच्या…" आणि ते, "कांद्या!" मग कांदा हातात धरून, "हा काय?" "त… त…" परत "अकलेच्या…" "कांद्या!" परत "हा काय?" रोज तीस-चाळीस वेळा. ओट्यावरचा तो कांदा सुरकुतून गेला, मी दुसरा घेतला. हे चिडायचे, उशी भिरकावायचे. मीही चिडायचे, पण आता स्वयंपाकघरात येऊन कुकरला "शिट्टी वाजवता येत नाही, नुसता फुसफुसतोस, निलाजऱ्या" असं म्हणता यायचं, आणि तेवढ्यावर मला पुन्हा त्या खोलीत जाता यायचं. घटस्थापनेच्या सुमाराला 'कांदा' आला. नंतर भोपळा. भाजीबाजार हळूहळू परत आला म्हणा ना. पाणी आलं. चहा आला.

माझं नाव आलं नाही. ते आजतागायत आलेलं नाही. ह्यांनी मला कधी शिवीच दिली नव्हती, त्यामुळे माझ्याकडे यायला ती उघडी वाटही नव्हती. मॅडम म्हणायच्या, नावं सगळ्यात अवघड असतात. पण मला राग यायचा. त्या खोक्याला सात प्रकारे हाका मारतात आणि मला एकही नाही! मी प्रिंटरचा मत्सर करायला लागले होते, हे कुणाला सांगणार?

दिवाळीच्या आधीची एक दुपार. इंटरनेट तासभर बंद होतं. ह्यांनी राउटरला सलग चार शिव्या घातल्या, एकही अक्षर न अडखळता. मी पलंगाच्या कडेला बसले होते, आणि माझा धीरच सुटला. मी त्यांचा डावा हात धरला आणि म्हटलं, "मला द्या. मलाही एक द्या. काहीही म्हणा. भोपळी म्हणा, मद्दड म्हणा, मी सगळं बिघडवलं, मी घर गप्प केलं, मी तुमच्यावर ओरडले. द्या ना! एक शिवी तर द्या मला."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. मला वाटलं आता येईल. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला, श्वास अडकला, सुटला, परत अडकला. ही आपोआप येणारी गोष्ट नव्हती, ते काहीतरी ठरवून शोधत होते, एकेक अक्षर ओढून आणत होते. मी 'म्हणा' म्हटलं नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवली.

"तुला… नाय," ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी फॉर्म घेऊन आलं होतं, कडी वाजवत होतं. "आले" म्हणायला मी तोंड उघडलं, तर माझ्याच तोंडून शब्द फुटेना.